स्मार्ट सिटी कंपनी आणि नवी महासभा : अधिकार नेमके गेले कुठे?

वेशीपाशी

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या निवडणुका झाल्या आणि मोठ्या प्रशासकीय राजवटीनंतर महासभा पुन्हा भरायला लागली. आमच्या प्रभागातल्या नव्या नगरसेविकेच्या कार्यालयात कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. प्रभागातला एक मोठा रस्ता, त्यावरचे दिवे, कॅमेरे आणि दोन उद्यानं स्मार्ट सिटीच्या कंपनीने केलेली आहेत. दुरुस्तीची मागणी केली की क्षेत्रीय कार्यालय म्हणतं, "ती कंपनीची मालमत्ता." कंपनी म्हणते, "मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, हस्तांतरण प्रक्रियेत आहे."

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही कंपनी आली तेव्हा महासभेचे नेमके कोणते अधिकार तिच्याकडे गेले? आणि आज महासभेच्या हातात काय उरलं आहे? महापौर संचालक मंडळावर असले की पुरेसं आहे, असं काही जण सांगतात. ते मला पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये.

जुनी_पेठ

सरळ आहे. कंपनी म्हणजे विशेष नियोजन प्राधिकरण. सिडको, एमएमआरडीए यांच्यासारखंच. त्या हद्दीतलं नियोजन, बांधकाम परवानगी सगळं त्यांच्याकडे गेलं. आता महासभेने बहुमताने ठराव करावा की कंपनी बरखास्त, आणि विषय संपवावा.

लेखाशीर्ष

जुनी_पेठ, इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. विशेष नियोजन प्राधिकरण १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४० खाली नेमतात. अधिसूचना निघते आणि त्या क्षेत्रापुरतं महापालिकेचं नियोजनच काढून घेतलं जातं. स्मार्ट सिटीची कंपनी तशी नाही. ती कंपनी कायदा २०१३ खाली नोंदलेली साधी मर्यादित कंपनी आहे. विकास आराखडा, बांधकाम परवानगी, मालमत्ता कर हे कंपनी झाल्यामुळे महापालिकेकडून गेलेलं नाही.

मग गेलं काय? २०१५ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा. त्यांत अधिकार सोपवण्याची चार वाक्यं आहेत आणि सगळा विषय त्यांतच आहे. स्मार्ट सिटी प्रकल्पापुरते महासभेचे हक्क आणि जबाबदाऱ्या कंपनीकडे. पालिका कायद्याखाली पालिकेला असलेले निर्णयाचे अधिकार कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. नगरविकास खात्याचे मंजुरीचे अधिकार संचालक मंडळाकडे. आणि जे राज्य सरकारकडे जायचं ते राज्यस्तरीय उच्चाधिकार समितीकडे.

दुसरं वाक्य पुन्हा वाचा. महासभेचे अधिकार आयुक्तांकडे गेले असते तर निदान आयुक्त महासभेत येऊन बसतात, नगरसेवकांचे प्रश्न ऐकतात. ते गेले एका अशा अधिकाऱ्याकडे, ज्याची नेमणूक केंद्रीय मंत्रालयाच्या मान्यतेने होते, मुदत तीन वर्षांची ठरलेली असते आणि ज्याला मुदतीआधी काढायचं तरी केंद्राचीच परवानगी लागते. महासभेने त्याच्यावर अविश्वास दाखवला तर त्याचा कायदेशीर परिणाम शून्य.

आणि हे अधिकार आपोआप गेले नाहीत. महासभेने स्वतः ठराव करून दिले. केंद्राच्या शहरनिवडीच्या स्पर्धेत प्रस्ताव पाठवायचा तर महासभेचा ठराव जोडावा लागत होता. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या सभेने अटी घालून मंजुरी दिली आणि नवी मुंबईने याच कंपनीच्या मुद्द्यावर प्रस्ताव फेटाळला. म्हणून पहिलं काम हे की तुमच्या महासभेचा तो मूळ ठराव, उपसूचनांसकट, नगरसचिवांच्या दप्तरातून काढा. त्यातल्या किती अटी पुढे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, उतरल्या हे ताडून पाहिल्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही.

भोवरा

आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र अडकलंय. कंपनीच्या क्षेत्रात येतो आम्ही. मग अर्ज कंपनीकडे करायचा का?

लेखाशीर्ष

नाही, भोवरा. वर म्हटलं तेच, बांधकाम परवानगी विभाग महापालिकेचाच. कंपनीचं "क्षेत्र" म्हणजे प्रकल्प कुठे करायचे याची हद्द. जुन्या वस्तीचं सुधारकाम असेल तर किमान ५०० एकर, पुनर्विकास असेल तर ५० एकर, अशी ती आखायची होती. तुमचा अर्ज बांधकाम विभागाकडेच.

स्थिर_दिशा

कंपनीची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. महापालिकेत एखादं काम स्थायी समितीपुढे गेलं की तहकूब होत राहतं. टक्केवारीचे आरोप सगळ्यांनी ऐकलेत. कंपनीत विषय थेट संचालक मंडळापुढे जातो, निविदा निघते, काम सुरू होतं. शिवाय पैसा केंद्राचा आहे. ज्याने पैसा दिला त्याने अटी घातल्या तर महासभेचा अपमान कसा झाला? आणि मंडळावर महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते असे लोक घेतलेलेच होते की.

लेखाशीर्ष

वेगाबद्दलचं म्हणणं अर्धं मान्य. तहकुबीचा त्रास खराच आहे. पैशाबद्दलचं मात्र तपासून घ्या.

एका शहरासाठी केंद्राचे पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिका मिळून, असा हिशोब होता. महाराष्ट्रात तो वाटा राज्याचा २५० आणि महापालिकेचा २५० असा पडला. म्हणजे वर्षाला ५० कोटी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून. ही रक्कम महासभा एका ओळीत मंजूर करते : "स्मार्ट सिटी हिस्सा". त्या ओळीच्या खाली कोणता रस्ता, कोणता ठेकेदार, कोणता दर, हे काहीच महासभेपुढे येत नाही.

एका कामावर फरक दाखवतो. समजा ४० कोटींचा रस्ता आहे. महापालिकेच्या वाटेने गेला तर आधी अंदाजपत्रकात तरतूद हवी, म्हणजे महासभा आली. मग पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा. मग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे एवढ्या मोठ्या रकमेचा करार स्थायी समितीच्या मान्यतेशिवाय आयुक्त करू शकत नाहीत. काम वाढलं, दर वाढला, की पुन्हा समिती. प्रत्येक टप्प्याला कागद पटलावर येतो, आणि सभेतला कुठलाही नगरसेवक त्यावर बोलू शकतो.

तोच रस्ता कंपनीच्या वाटेने गेला तर सल्लागार आराखडा करतो, संचालक मंडळ मान्यता देतं, निविदा समिती दर पाहते, मुख्य कार्यकारी अधिकारी कार्यादेश देतो. बस. वेळ वाचतो हे खरं, कारण दोन मतदानं वाचतात. पण ज्या प्रभागातून रस्ता जातो तिथल्या नगरसेवकाला पदपथाची रुंदी किती हे कामाचा फलक लागल्यावर कळतं. पावसाळी वाहिनी कुठे तुंबते, भाजीवाले कुठे बसतात, कुठली चेंबर्स बुजलेली आहेत, हे प्रभागात माहीत असतं आणि सल्लागाराच्या नकाशात नसतं. मग पदपथ पूर्ण झाल्यावर जलवाहिनीसाठी तो पुन्हा उकरला जातो. अशी उकराउकर दिसली की समजावं, आराखडा मंजूर होताना पाणीपुरवठा खातं आणि प्रभाग दोन्ही खोलीत नव्हते.

अनघा_सीएस

कंपनी कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण स्थिर_दिशा यांचा "महापौर मंडळावर आहेत" हा मुद्दा खूप ठिकाणी ऐकू येतो.

महापौर संचालक झाले की त्या खुर्चीपुरते ते महासभेचे प्रतिनिधी राहत नाहीत. कलम १६६ प्रमाणे संचालकाने कंपनीच्या हिताने वागायचं असतं. महासभेने "याला विरोध करा" असा ठराव केला तरी संचालक म्हणून ते त्याला बांधील नाहीत. उलट, केवळ ठराव आहे म्हणून डोळे मिटून मत दिलं तर तीच त्यांची चूक ठरू शकते. मंडळाची कागदपत्रं महासभेत वाटायची म्हटली की गोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो. मंडळाच्या सभेची नोटीस सात दिवसांची. सात दिवसांत जाडजूड आराखडा वाचून प्रश्न काढायचे, आणि सोबतीला अभ्यास करणारा कर्मचारी नाही. बहुतेक लोकनियुक्त संचालक तिथेच अडकतात.

पण महापालिका या कंपनीत दुसऱ्या नात्यानेही आहे, आणि ते नातं सगळे विसरतात. ती भागधारक आहे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार राज्य आणि महापालिका यांचं भागभांडवल ५०-५० टक्के, आणि सुरुवातीला महापालिकेचा वाटा किमान १०० कोटींचा. भागधारक स्वतःच्या हितासाठी मत देऊ शकतो. त्याच्यावर संचालकासारखं बंधन नसतं.

कलम ११३ वाचा. भागधारक संस्था असेल तर तिच्या "नियामक मंडळाने" ठराव करून प्रतिनिधी नेमायचा, आणि तो सर्वसाधारण सभेत संस्थेच्या वतीने मत देतो. माझ्या वाचनाप्रमाणे महापालिकेचं नियामक मंडळ म्हणजे महासभा. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : गेल्या वार्षिक सभेत महापालिकेच्या ५० टक्क्यांचं मत कोणी दिलं, आणि कोणत्या ठरावाने? बहुतेक वेळा आयुक्त जाऊन बसतात आणि ठराव दाखवता येत नाही.

कलम १०० प्रमाणे मताधिकार असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा ज्याच्याकडे आहे त्याला असाधारण सभेची मागणी करता येते. मागणीपत्र पोचल्यापासून मंडळाने २१ दिवसांत सभा बोलवायची आणि ती ४५ दिवसांच्या आत घ्यायची. नाही घेतली तर मागणी करणारा स्वतः सभा घेऊ शकतो. महापालिकेकडे दहावा नाही, अर्धा हिस्सा आहे.

वेशीपाशी

अनघाताई, हे माझ्यासाठी अगदी नवीन आहे. मग ५० टक्क्यांवर ठराव मंजूर करून घेता येईल का? उदाहरणार्थ, "सगळी मालमत्ता यादीसह सहा महिन्यांत हस्तांतरित करा"?

अनघा_सीएस

एकट्याच्या बळावर नाही. साध्या ठरावालाही विरोधापेक्षा जास्त मतं लागतात, आणि ५० विरुद्ध ५० म्हणजे ठराव नामंजूर. विशेष ठरावाला तर विरोधाच्या तिप्पट मतं लागतात. पण हेच उलटं बघा. राज्यही महापालिकेशिवाय काही मंजूर करू शकत नाही. आर्टिकल्स बदलायचे, कंपनीचा उद्देश बदलायचा, तर विशेष ठराव हवाच. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने या कंपन्यांना पुढे कोणत्या कामांना वापरता येईल याबद्दल राज्यांना सूचना दिल्या आहेत. नवीन काम मेमोरँडममधल्या उद्देशात बसत नसेल तर तिथे महासभेचं मत मोजावंच लागेल. उद्देशाची भाषा आधीच ऐसपैस लिहिलेली असेल तर मात्र ही संधी मिळणार नाही.

दोन जागा आर्टिकल्समध्ये तपासा. एक, अध्यक्षांना निर्णायक मत फक्त मंडळाच्या सभेत आहे की भागधारकांच्या सभेतही. तिथेही असेल तर बरोबरी झाल्यावर अध्यक्ष, म्हणजे शासनाने नेमलेले अधिकारी, निकाल लावतात. दुसरी, महापालिकेचे शेअर्स कोणाच्या नावावर आहेत. पब्लिक कंपनीला सात सभासद लागतात, त्यामुळे थोडे शेअर्स अधिकाऱ्यांच्या नावावर पदनामाने ठेवलेले असतात. अधिकारी बदलून गेले आणि नावं तशीच राहिली, असं होतं. सभासद नोंदवहीत ते दिसेल.

मेमोरँडम, आर्टिकल्स, ताळेबंद आणि वार्षिक विवरण केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर View Public Documents मध्ये शुल्क भरून कोणालाही बघता येतं. ताळेबंद AOC-4 सोबत असतो, सभासद आणि संचालकांची माहिती MGT-7 मध्ये. एखाद्या वर्षाचं AOC-4 दिसतच नसेल तर ती स्वतंत्र बातमी आहे. मंडळाची इतिवृत्तं तिथे नसतात, ती माहिती अधिकारात मागा.

रानवारा

आमची नगरपरिषद आहे, स्मार्ट सिटी नाही. पाणीयोजना राज्याच्या यंत्रणेने बांधली आणि चालवायला आमच्याकडे दिली. पंप जास्त क्षमतेचे, वीजबिल आमच्या ऐपतीबाहेर. योजना घेणार नाही असा ठराव नगरपरिषद करू शकते का?

लेखाशीर्ष

रानवारा, तुमचा कायदा वेगळा, १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. कंपनी कायद्याचे हे मार्ग तुम्हाला नाहीत, कारण तिथे तुम्ही भागधारक नाही. पण दुखणं एकच आहे. बांधणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, तर बांधणाऱ्याला वीजबिलाची काळजी नसते. घेणार नाही म्हणण्यापेक्षा चाचणी कालावधीत पंपांची प्रत्यक्ष वीज आणि प्रत्यक्ष पाणी मोजून घ्या, आराखड्यातल्या आकड्यांशी फरक लेखी नोंदवा, आणि ताबा "अटींसह" घ्या. कोऱ्या सहीने घेतलेला ताबा नंतर सोडवता येत नाही.

वेशीपाशी, तुमच्या शहराचंही खरं दुखणं इथेच येणार आहे. हस्तांतरण.

समजा कॅमेरे, फलक, सेन्सर आणि नियंत्रण कक्ष मिळून ६० कोटींचं काम झालं. कंत्राटात पहिली पाच वर्षं देखभाल धरलेली असते. देखभाल भांडवली खर्चाच्या दहा टक्के धरली तर वर्षाला ६ कोटी. पाचवं वर्ष संपलं की हे ६ कोटी महापालिकेच्या महसुली अंदाजपत्रकात येतात, कायमचे. त्यावर कुठल्याही महासभेने कधी मतदान केलेलं नसतं. बंद करा म्हटलं तर ६० कोटी वाया घालवल्याचा ठपका, चालू ठेवा म्हटलं तर प्रभागातली गटारं आणि शाळादुरुस्ती मागे पडते. माझ्या मते महासभेच्या अधिकाराचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. २०१६ मध्ये गेलेला अधिकार एका प्रकल्पापुरता होता. हा खर्च पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकातली निवड आधीच करून टाकतो.

म्हणून ताबा घेण्याआधी मालमत्तेची नगवार यादी मागा, ठिकाणासकट. मग कंपनी, ठेकेदार आणि पालिकेचं संबंधित खातं यांची संयुक्त पाहणी, चालू किती आणि बंद किती याच्या सहीसकट. दोषदायित्वाचा कालावधी किती उरलाय आणि ठेकेदाराची बँक हमी कधी संपते, हे तारखेने लिहून घ्या. हमी संपल्यावर यादी आली, असं फार होतं. सॉफ्टवेअरचे परवाने कोणाच्या नावावर आहेत आणि ते पालिकेच्या नावावर होतात का, तेही बघा.

अजून एक साधी खूण : दिव्यांच्या वीजमीटरचं बिल कोणाच्या नावाने येतं. कंपनीच्या नावाने येत असेल तर कागदावर काहीही म्हणोत, हस्तांतरण झालेलं नाही.

स्थिर_दिशा

हस्तांतरणाचा मुद्दा मान्य आहे. पण एक सांगा, २०२२ पासून महासभाच नव्हती. पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, काही शहरांची २०२० मध्येच. त्या काळात जे झालं त्याचं खापर कंपनीच्या रचनेवर कशाला?

लेखाशीर्ष

कारण रचनेतला दोष त्या काळात उघडा पडला. पदाधिकारीच नव्हते, म्हणून मंडळावरच्या त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. प्रशासक म्हणून आयुक्तच महासभा, आयुक्तच स्थायी समिती, आणि कंपनीच्या मंडळावरही आयुक्त. निधी देणारा, घेणारा आणि ताबा स्वीकारणारा एकच माणूस. कोणावर आरोप करत नाही, पण कंपनीकडून मालमत्ता घेताना "ही बंद आहे, घेणार नाही" असं म्हणणारा दुसरा पक्षच उरला नव्हता. त्या काळातले प्रशासकीय ठराव क्रमवार काढा, "स्मार्ट सिटी" शब्द शोधा. काही हस्तांतरणं आधीच स्वीकारलेली सापडतील.

जुनी_पेठ

नियोजन प्राधिकरणाबद्दल माझी चूक झाली, मान्य. पण महासभेने दिलेले अधिकार महासभा परत का घेऊ शकत नाही? आपलेच होते ना? ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेले.

लेखाशीर्ष

घटनेचं कलम २४३ डब्ल्यू अधिकार थेट देत नाही. राज्य विधिमंडळ ते "देऊ शकेल" असं म्हणतं. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पण ते द्यायचे किती हे राज्य ठरवतं. त्यामुळे न्यायालयात नुसती घटनादुरुस्ती दाखवून भागत नाही.

ठराव मागे घेण्याबद्दल : महासभा नवा ठराव करू शकते, पण कलम ४५१ खाली राज्य सरकार तो विखंडित करू शकतं. आणि झालेले करार कंपनीने केलेले आहेत, ते ठरावाने रद्द होत नाहीत. पुढच्या कामांपुरता अधिकार परत घेणं जास्त टिकेल असं मला वाटतं. मिशनची मुदत संपल्यावर ते अधिकार देण्याचं कारणच संपलं, हा युक्तिवाद करता येईल.

अनघा_सीएस

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. अधिकार "प्रकल्पापुरते" दिले होते, "मिशनच्या मुदतीपुरते" नाही. प्रकल्प अर्धवट असेल तर कंपनी म्हणेल अधिकार चालू आहेत. मूळ ठरावातला नेमका शब्द पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोण बरोबर हे ठरणार नाही.

एक सोपा धागा मात्र हातात आहे. कंपनीला वापरशुल्क किंवा अधिभार घ्यायचा तर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे महापालिकेने तसा अधिकार दिलेला असावा लागतो. सायकल, वाहनतळ, जाहिरात फलक यांचं उत्पन्न कंपनी घेत असेल तर ते कोणत्या ठरावाने, हे विचारा. ठराव नसेल तर ती वसुलीच प्रश्नात येते.

वेशीपाशी

लेखापरीक्षणाचं काय? पालिकेचे मुख्य लेखापरीक्षक कंपनीची वही तपासू शकतात का?

अनघा_सीएस

कंपनीचा लेखापरीक्षक कॅग नेमतं, कलम १३९(५). राज्याचा हिस्सा ५१ टक्के नाही, ५० आहे, म्हणून ही सरकारी कंपनी नाही असा वाद काही जण घालतात. पण ते कलम सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या इतर कंपन्यांनाही लागू आहे. हा अहवाल महासभेपुढे आपोआप येत नाही. भागधारक म्हणून ताळेबंदाची प्रत महापालिकेला येतेच. ती प्रत आयुक्त कार्यालयातून नगरसचिवांकडे जाऊन विषयपत्रिकेवर यावी, एवढा ठराव महासभा आजही करू शकते.

लेखाशीर्ष

पालिकेच्या लेखापरीक्षकाला कंपनीच्या वह्या उघडता येत नाहीत, पण महापालिकेने दिलेल्या हिश्श्याची उपयोगिता प्रमाणपत्रं तो मागू शकतो. २५० कोटींपैकी प्रत्यक्ष किती वर्ग झाले, किती अखर्चित आहेत, त्यावरचं व्याज कुठे जमा झालं, हे तीन आकडे आधी मागा.

वेशीपाशी

मूळ ठराव मिळाला. तीन उपसूचना आहेत. "करवाढीचा अधिकार महासभेकडेच", "मालमत्तेची मालकी महापालिकेकडेच", आणि तिसरी "दर सहा महिन्यांनी अहवाल महासभेपुढे". आर्टिकल्स आज उतरवून घेतले, त्यांत पहिल्या दोन्ही वेगळ्या शब्दांत आहेत, तिसरी कुठेच नाही. मालकी महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालय "कंपनीची मालमत्ता" कोणत्या आधारावर म्हणतंय?

लेखाशीर्ष

हाच प्रश्न लेखी द्या, ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालून, आयुक्तांना. आणि आर्टिकल्समधलं ते मालकीचं वाक्य इथे जसंच्या तसं टाका. "मालकी" लिहिलंय की "अंतिमतः निहित होईल" असं लिहिलंय, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.